स्टॉक −३१ होता, माल आला २४, मी रकान्यात २४ लिहिले. आता काय?

रंधेवाला · सकाळी १०:४२

सुतारकामाची हत्यारं ऑनलाइन विकतो. दुकान एका तयार सॉफ्टवेअरवर चालतं. मला कोड येत नाही, धाकटा भाऊ थोडंफार जुळवून देतो.

एका छोट्या रंध्याला मागणी फार आणि पुरवठा रडतखडत, म्हणून बॅकऑर्डर चालू ठेवली होती. माल नसला तरी ऑर्डर घ्यायची, पैसे घ्यायचे, आला की पाठवायचा. तीन आठवड्यांत २१ ऑर्डरी जमल्या, मिळून ३१ नग. स्क्रीनवर स्टॉक −३१ दिसत होता. पुरवठादाराकडून ४० यायचे होते.

काल खोकी आली. मोजले तर २४. (बाकीचे १६ "पुढच्या खेपेत".) मी स्टॉकच्या रकान्यात गेलो, −३१ खोडलं, २४ लिहिलं, सेव्ह केलं आणि चहाला गेलो.

परत येऊन बघतो तर स्टॉक ५! "माल आला की कळवा" बटण दाबलेल्या १८० जणांना आपोआप मेल गेले होते आणि तासाभरात १९ नवीन ऑर्डरी पडल्या होत्या, सगळ्या एकेका नगाच्या. जुने २१ जण तसेच ताटकळत. वर खोकी उघडल्यावर दोन रंध्यांचे पाते चिरलेले निघाले.

हातात चांगले नग २२. कोणाला देऊ? आणि हे परत होऊ नये म्हणून नेमकं काय बदलू?

---

वाट_पाहणारी · सकाळी १०:५८

अगदी हेच झालं माझ्या बाबतीत! मी पाच वस्तू मागवल्या, दोनच आल्या, पैसे मात्र पाचांचे कापले. बाकीच्या तीनचं काय, कुणी सांगायला तयार नाही. आठ दिवसांनी आणखी एक आली, डिलिव्हरीचे पैसे पुन्हा मागितले. तुम्ही ग्राहक मंचाकडे जा, मी सांगते.

---

रंधेवाला · सकाळी ११:०३

ताई, मी ग्राहक नाही, दुकानदार आहे. 🙂 पण तुमचं म्हणणं पोचलं.

---

कोडकरी · सकाळी ११:१५

सोपं आहे. स्टॉक टेबलावर ट्रिगर लावा. आकडा वाढला की त्या वस्तूच्या सगळ्या थकीत ऑर्डरींना आधी मेल, आणि "कळवा"वाल्यांना दोन तासांनी. जुन्यांना दोन तासांची आघाडी मिळते, प्रश्न मिटला. भावाला सांगा, अर्ध्या दिवसाचं काम आहे.

---

आवकजावक · सकाळी ११:४०

ट्रिगरच्या आधी आग विझवूया.

रंधेवाले, पहिलं काम म्हणजे त्या रंध्याची विक्री आत्ता बंद करा. तो ५ खोटा आहे. तुमच्यावर ३१ जुने आणि १९ नवे मिळून ५० नगांचं देणं आहे, हातात २२. म्हणजे रकान्यात −२८ हवं. ५ वरून −२८ म्हणजे ३३ ची घट. ती कुठून आली तेही जुळतंय: ३१ तुम्ही खोडलेत आणि २ चिरलेले. असा ताळा जुळल्याशिवाय आकड्याला हात लावू नका.

आता मूळ चूक. −३१ हा स्टॉक नव्हताच, ती उधारीची वही होती. तुमच्या सॉफ्टवेअरने हातातला माल आणि लोकांचं देणं एकाच आकड्यात कोंबलं होतं, आणि तुम्ही त्यावर नवा आकडा लिहिलात तेव्हा वहीचं पानच फाटलं. आवक नेहमी मिळवायची असते, लिहायची नसते. −३१ मध्ये २२ मिळवले असते तर −९ आला असता, वस्तू "संपली आहे" अशीच दिसली असती, एकाही नव्या माणसाला मेल गेला नसता.

बहुतेक तयार दुकानांत दोन्ही सोयी असतात: एक "आकडा बदला", दुसरी "इतके वाढवा". पहिली फक्त वर्षाच्या मोजणीला वापरायची, आणि तीही देणं वजा करून. मी गोदामात होतो तेव्हा आवक घेणाऱ्या पोरांच्या लॉगिनवरून ती पहिली सोयच काढून टाकली होती.

---

कोडकरी · दुपारी १२:०५

पण माझ्या ट्रिगरने काय बिघडलं असतं? जुन्यांना आधीच कळलं असतं की.

---

आवकजावक · दुपारी १२:३१

काय कळलं असतं? "तुमचा माल आला" असा मेल २१ जणांना. नग २२, देणं ३१. म्हणजे निदान ९ नगांबाबत तुम्ही खोटं बोललात, आणि कोणाशी ते तुम्हालाच माहीत नाही. मेल माल आल्यावर जायचा नसतो. त्या माणसाच्या नावाने नग राखला गेला की जायचा. मधली पायरी तुमच्या ट्रिगरमध्ये नाहीच.

क्रम असा: खोकी उघडली, तपासली, चांगले २२ जमा. मग रांगेत पहिल्यापासून सुरुवात, प्रत्येक ओळीवर किती मागितले, किती राखले, किती पाठवले, किती रद्द केले हे चार वेगळे आकडे. राखलेला आकडा वाढला की त्या ओळीपुरता एक मेल रांगेत टाकायचा. रांग संपल्यावर काही उरलं तरच ते विक्रीला मोकळं, आणि "कळवा"वाल्यांचा विचार तेव्हा. तोही १८० एकदम नाही. नऊ नग उरले असतील तर वीस जणांना पाठवा, दिवसभर थांबा, मग पुढचे वीस. १८० जणांना नऊ नगांचं आमंत्रण देऊन १७१ जणांना दारातून परत का पाठवायचं?

भावासाठी गाभा देतो (पोस्टग्रेस गृहीत धरलंय):

```sql
BEGIN;
SELECT on_hand, allocated FROM stock
 WHERE sku = 'PLANE-S' FOR UPDATE;

UPDATE stock SET on_hand = on_hand + 22
 WHERE sku = 'PLANE-S';

UPDATE order_line SET allocated = allocated + 2
 WHERE id = 1187;
UPDATE stock SET allocated = allocated + 2
 WHERE sku = 'PLANE-S';

INSERT INTO outbox (dedupe_key, line_id, qty)
VALUES ('line1187-receipt342', 1187, 2)
ON CONFLICT (dedupe_key) DO NOTHING;
COMMIT;
```

शेवटचे दोन UPDATE आणि तो INSERT रांगेतल्या प्रत्येक ओळीसाठी फिरतात, इथे एकच दाखवली आहे. `dedupe_key` वर युनिक बंधन हवं, नाहीतर `ON CONFLICT` ची ओळ चालणारच नाही. आणि मेल या व्यवहाराच्या आत पाठवू नका. मेल गेला आणि पुढच्या ओळीला व्यवहार उलटला तर राखीव नग परत जातो, मेल परत येत नाही. म्हणून आत फक्त चिठ्ठी टाकायची, आणि ती उचलून मेल पाठवणारा प्रोग्रॅम वेगळा. आणि वाटप करणारा प्रोग्रॅम चुकून त्याच आवकेवर पुन्हा चालला तरी त्या किल्लीमुळे एका आवकेची एका ओळीला एकच चिठ्ठी बनते.

---

कोडकरी · दुपारी १२:५०

हं, चिठ्ठीचं पटलं. पण `FOR UPDATE` ने सगळे एकाच ओळीवर अडकून बसतील. `SKIP LOCKED` वापरा, पोस्टग्रेसमध्ये ९.५ पासून आहे. ज्या ऑर्डरला कुलूप आहे ती सोडून पुढची घेतो, भरभर होतं.

---

आवकजावक · दुपारी १:१०

चिठ्ठ्या उचलायला जरूर वापरा, तिथे ते सोन्यासारखं आहे. रांगेला नको. समजा रांगेतला तिसरा माणूस त्याच क्षणी पत्ता बदलतोय, त्याच्या ओळीला कुलूप आहे. तुमचा वाटप करणारा त्याला ओलांडून पुढे जातो, २२ नग संपवतो, आणि तीन आठवडे थांबलेला तिसरा माणूस रिकाम्या हाताने राहतो. कुठे एरर नाही, लॉगमध्ये काही नाही. तक्रार आल्यावरच कळणार. रांगेत अडकून बसणं हेच तर हवंय. दिवसातून दोनदा आवक येणाऱ्या दुकानाला घाई कसली?

---

उगाच_एक_शंका · दुपारी १:४४

माझी उगाच एक शंका. रांगेत कुणी सहा नग मागितले असतील आणि चारच उरले असतील तर? चार द्यायचे, की पुढच्या चौघांना एकेक?

---

रंधेवाला · दुपारी २:०२

उगाच नाही हो, माझ्याकडे खरंच तसं आहे! यादी काढली. पहिल्या १४ ऑर्डरींचे मिळून १८ नग. पंधराव्याला ६ हवेत, शेऱ्यात लिहिलंय "सगळे एकदम पाठवा". त्याच्यामागे ६ ऑर्डरी, ७ नग. म्हणजे १८ दिल्यावर हातात ४ उरतात आणि समोर हा सहावाला.

---

आवकजावक · दुपारी २:३५

इथे मात्र सगळीकडे लागू पडणारा एकच नियम मला सापडलेला नाही. तीन वाटा आहेत. त्याला चार देऊन दोन थकीत ठेवणं, पण "एकदम" म्हटलंय म्हणजे ते पाठवता येत नाहीत, नुसते राखलेले पडून राहतात. दुसरी, त्याला ओलांडून मागच्यांना देणं, त्याची जागा न हलवता. तिसरी, त्याला विचारणं.

पहिल्या वाटेचा धोका मोठ्या दुकानात दिसतो. एका ऑर्डरमध्ये पाच वस्तू, "एकदम" ची खूण, त्यातली एक वस्तू सहा महिने येतच नाही. बाकी चार वस्तूंचे नग तिच्या नावाने कुलपात आणि बाहेर लोक "संपली" वाचून परत जातायत. गोदामात माल भरपूर आणि विक्री शून्य असं दिसलं की मी आधी हेच शोधतो.

दुसऱ्या वाटेचा धोका उलटा. मोठी ऑर्डर प्रत्येक छोट्या खेपेत ओलांडली जाते आणि तिची पाळी कधी येतच नाही.

मी करायचो ते असं: उरलेल्या नगांची पक्की तारीख दहा दिवसांच्या आत असेल तर राखून ठेवायचे, नाहीतर ओलांडायचं, पण एकदाच. दुसऱ्या खेपेत त्याला ओलांडायचं नाही. दहाच का, असं विचाराल तर त्याला उत्तर नाही.

---

हिशेबनीस · दुपारी ३:२०

"एकदाच ओलांडायचं" मला पटत नाही. त्याने पैसे आधी भरलेत, रांगेत आधी आहे. दुकानाच्या सोयीसाठी त्याला मागे का? पण तो वाद राहू दे.

पैशांचं बोलते, कारण अर्धवट पाठवणीत खरी गुंतागुंत तिथे होते. वर ताईंनी सांगितलेला त्रास धाग्याबाहेरचा नाही, त्याच प्रश्नाची दुसरी बाजू आहे.

डिलिव्हरीचे पैसे पहिल्या पाठवणीला एकदाच. तुकडे दुकान करतंय, तर दुसऱ्या खोक्याचा खर्च दुकानाचा. सूट असेल तर ती नगांवर वाटून टाका आणि भागाकारात उरणारी किरकोळ रक्कम शेवटच्या पाठवणीत जिरवा. नाहीतर उरलेले नग रद्द झाले की परतावा किती, यावर दोन्हीकडून दोन आकडे निघतात. १०० ची सूट सहा नगांवर वाटली तर पाच नगांना १६.६७ आणि सहाव्याला १६.६५. हे आधीच ओळीवर लिहून ठेवायचं, परताव्याच्या दिवशी काढायचं नाही.

प्रीऑर्डरवाल्यांना वेगळा इशारा. "कार्डावर रक्कम अडवून ठेवू, पाठवताना घेऊ" असं ठरवून लोक दीड महिन्याची प्रीऑर्डर घेतात. ती अडवलेली रक्कम साधारण आठवडाभरात सुटते. मग एकतर पैसे आधीच घ्या आणि तसं स्पष्ट लिहा, किंवा पाठवायच्या दिवशी कार्डावर नव्याने मागा. नव्याने मागताना काही कार्डं नाकारली जाणारच. नाकारलं की लगेच नग पुढच्याला देऊ नका, दोन दिवस राखा आणि मेल करा. तिसऱ्या दिवशी सोडा.

---

वाट_पाहणारी · दुपारी ३:३७

हे सगळं मेलमध्ये लिहिलं असतं ना, तर मी चिडलेच नसते. मला आलेला मेल एवढाच: "तुमची ऑर्डर पाठवली आहे." कुठली? किती?

---

आवकजावक · दुपारी ३:५५

बरोबर. अर्धवट पाठवणीचा मेल साधारण असा असावा:

"तुम्ही मागवलेल्या ६ रंध्यांपैकी ४ आज पाठवत आहोत. उरलेले २ पुढच्या खेपेत येतील, तारीख पक्की झाली की कळवू. त्यांच्या डिलिव्हरीचे वेगळे पैसे लागणार नाहीत. उरलेले नको असतील तर इथे रद्द करा, त्यांचे पैसे परत मिळतील."

आणि माल न आल्याचाही मेल लागतो, तो सगळे विसरतात. पुरवठादाराने तारीख ढकलली की त्या दिवशीच कळवायचं. "माल आला" हा मेल लोकांना आवडतो, पण दुकानावरचा विश्वास "अजून दोन आठवडे, रद्द करायचं तर करा" या मेलवर टिकतो. तारीख ऑर्डरवर चिकटवू नका, आवकेच्या नोंदीवर ठेवा. मग ती एका जागी बदलली की त्या खेपेवर टेकलेल्या सगळ्यांना आपोआप चिठ्ठ्या निघतात.

रंधेवाल्यांना अजून एक: आवक जमा करण्यात आणि मेल जाण्यात अर्ध्या तासाची फट ठेवा. तुम्ही २४ लिहिलेत, खोकी उघडल्यावर २२ निघाले. मधल्या वेळात मेल गेला की शब्द गेला.

---

रंधेवाला · रात्री ८:१८

दिवसभराचं सांगतो.

विक्री बंद केली. मग सहज म्हणून १९ नव्या ऑर्डरींचे ईमेल जुन्या २१ शी ताडून पाहिले, तर तिघे दोन्हीकडे! ऑर्डर देऊन पैसे भरलेले लोक "कळवा" बटणही दाबून बसले होते. "माल आला" असा मेल आला, जुन्या ऑर्डरबद्दल काहीच नाही, त्यांना वाटलं ती वाहून गेली, म्हणून पुन्हा पैसे भरले. तिघांशी बोलून नव्या ऑर्डरी रद्द केल्या. म्हणजे देणं ४७.

सहावाल्याला फोन लावला. म्हणाला, चार चालतील, दोन रद्द करा, ज्यांच्यासाठी घेत होतो त्यांनी दुसरीकडून घेतले. तीन आठवडे मी त्याच्या "एकदम" ला घाबरून होतो! २२ च्या २२ वाटले गेले, १५ ऑर्डरी पूर्ण. जुन्यांचे ७ नग बाकी.

नव्या १६ जणांना खरं काय ते लिहिलं: चूक आमची, माल पुढच्या खेपेत, नको असेल तर पैसे परत. चौघांनी रद्द केलं, बाकीच्यांनी थांबायचं ठरवलं.

आता देणं ७ आणि १२ मिळून १९. येणार १६ आणि चिरलेल्यांच्या बदली २, म्हणजे १८. एकच कमी पडतोय. आकडा −१९ करून ठेवला. भावाने "आकडा बदला" माझ्या लॉगिनमधून काढून टाकलंय, तसं मी सांगितलं नव्हतं.

---

कोडकरी · रात्री ८:४०

तीन डुप्लिकेटचं भारी सापडलं. म्हणजे "कळवा" यादीतून थकीत ऑर्डर असलेले ईमेल आधी वजा करायला हवेत. हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

---

उगाच_एक_शंका · रात्री ९:०५

प्रीऑर्डर आणि बॅकऑर्डर एकाच रांगेत की वेगळ्या? नवीन मॉडेलची प्रीऑर्डर घेतलेल्यांना जुन्या मॉडेलच्या थकीतवाल्यांआधी द्यायचं का?

---

आवकजावक · रात्री ९:२२

वस्तू वेगळी तर रांग वेगळी, तिथे प्रश्न नाही. एकाच वस्तूची प्रीऑर्डर पुढे बॅकऑर्डर होते तेव्हा रांग एकच, ऑर्डरच्या वेळेप्रमाणे. फक्त प्रीऑर्डर घेताना मर्यादा घाला. पुरवठादाराने ४० म्हटलं म्हणून ४० घेऊ नका. रंधेवाल्यांना ४० चे २४ आले आणि २४ चे २२ निघाले, हे विसरू नका. त्याच्या मागच्या खेपा बघून किती कमी घ्यायच्या ते ठरवा.

---

हिशेबनीस · रात्री ९:३०

रंधेवाले, त्या चिरलेल्या दोनच्या बदली नग येणार असं पुरवठादाराने म्हटलंय, की क्रेडिट नोट देणार म्हणालाय? क्रेडिट नोट असेल तर तुमचे येणारे १८ नाहीत, १६ आहेत.

---

रंधेवाला · रात्री ९:५१

आत्ता त्याचा मेल उघडून बघितला. क्रेडिट नोट. म्हणजे तीन कमी पडतायत. उद्या सकाळी रांगेतल्या शेवटच्या तिघांना फोन.